तांबं उतरलं, मग आपला दर कसा चढला?

*बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीत माझं छोटं वर्कशॉप आहे. तांब्याच्या पट्ट्या आणायच्या, कापून, भोकं पाडून, वाकवून वेर्ण्याच्या एका पॅनल कंपनीला बसबार द्यायचे, हे काम. महिन्याला तीन टन तांबं लागतं. सप्लायर दर एक तारखेला दराचा कागद पाठवतो. ऑगस्टचा दर किलोला ८८९.९१ रुपये होता, सप्टेंबरचा ९१८.०८. इकडे टीव्हीवर तांबं पडलं म्हणून सांगतात. विचारलं की म्हणतो, "फॉर्म्युला आहे, एलएमई बघा." करारावर सही माझीच आहे, पण तो मला कधी कळला नाही. आता वेर्ण्याची कंपनीही म्हणते, आपणही फॉर्म्युल्यावर जाऊ, दर तीन महिन्यांनी बदलू. सही करू का?*

कागदाचा फोटो सोबत जोडलात ते बरं केलंत. सदरात हिशेब सोपा जावा म्हणून मी तुमचे आकडे थोडे गोल केलेत आणि पत्रातले दरही त्यांना जुळवून घेतलेत. बाकी सगळं तुमच्या कागदावरचंच आहे.

फॉर्म्युला म्हटलं की आपण दबकतो, पण सोनाराकडे पाटली करायला टाकताना तुम्ही हाच हिशेब तोंडी करता. आजचा भाव अधिक घडणावळ. तुमच्या कागदावर एवढंच आहे, फक्त सोनाराच्या पाटीऐवजी लंडनच्या धातू बाजाराचा, म्हणजे एलएमईचा, भाव आहे आणि तो डॉलरमध्ये आहे. मराठीत मांडला तर असा:

किलोचा दर = (एलएमई सरासरी + प्रीमियम) × डॉलरचा सरासरी दर × १.०५५ ÷ १००० + घडणावळ

कंसातलं सगळं टनाला डॉलरमध्ये. प्रीमियम म्हणजे लंडनच्या कागदी भावावर प्रत्यक्ष धातू आपल्या बंदरापर्यंत आणायचे वरचे पैसे. तुमच्या करारात ते १०० डॉलर ठरलेत. १.०५५ हे आयात शुल्क आहे: तांब्यावरचं ५ टक्के आणि त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, मिळून साडेपाच. हजाराने भागलं की टनाचं किलो होतं. शेवटचे ३८ रुपये ही सप्लायरची घडणावळ, म्हणजे कॅथोड वितळवून पट्टी ओढायची मजुरी. ती करारभर स्थिर आहे, लंडनशी तिचा संबंध नाही. जीएसटी या सगळ्याच्या बाहेर.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या कागदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात "एम वजा एक" असं लिहिलंय. सगळं गुपित त्यात आहे. एम म्हणजे ज्या महिन्यात माल निघतो तो महिना, आणि त्याला दर लागतो आदल्या महिन्याच्या सरासरीचा. सप्टेंबरच्या मालाला ऑगस्टची सरासरी. टीव्हीवर तुम्ही जी पडझड पाहिलीत ती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. ती तुमच्या बिलात यायची आहे, पण ऑक्टोबरमध्ये. तुमचा सप्टेंबरचा दर ३१ ऑगस्टलाच ठरून गेला होता. लंडनला त्यानंतर काय झालं याचं त्याला सोयरसुतक नाही.

तुमचे दोन महिने शेजारी ठेवून बघू. ऑगस्टच्या दरासाठी जुलैची सरासरी घेतली होती: तांबं ९,४०० डॉलर, डॉलर ८५ रुपये. प्रीमियम धरून ९,५०० गुणिले ८५, त्यावर साडेपाच टक्के, की किलोला ८५१.९१. त्यात ३८ मिळवले, ८८९.९१. सप्टेंबरसाठी ऑगस्टची सरासरी: तांबं ९,६००, डॉलर ८६. तसंच केलं की ८८०.०८, अधिक ३८, म्हणजे ९१८.०८. सप्लायरने गुणाकार चुकवलेला नाही.

पण या २८.१७ रुपयांच्या वाढीत एक गंमत आहे, ती त्याने तुम्हाला सांगितली नसणार. डॉलर ८५ वरच राहिला असता तर धातूचा भाव ८६९.८५ झाला असता. म्हणजे तांब्यामुळे वाढ झाली १७.९४ रुपयांची, आणि उरलेले १०.२३ रुपये रुपया घसरल्याचे. तुमच्या वाढीतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग तांब्याचा नाहीच. दोन ठोकताळे डोक्यात ठेवा, बाजाराची बातमी ऐकताना कामाला येतात: या पातळीवर लंडनला १०० डॉलर हलले की तुमच्याकडे किलोला साधारण ९ रुपये हलतात, आणि डॉलर एका रुपयाने महागला की सव्वादहा. लंडनला तांबं शंभराने उतरलं आणि त्याच महिन्यात रुपया एकाने घसरला, तर तुमचा दर उतरणार नाही, उलट रुपयाभराने चढेल. टीव्हीवाला अर्धीच गोष्ट सांगत असतो.

आणि टीव्हीवाला नेमका कुठला भाव सांगतो, हेही बघायला हवं. खाली पळणाऱ्या पट्टीवर बहुतेक वेळा आपल्या एमसीएक्स बाजारातला वायदा असतो, किलोला रुपयांत, किंवा लंडनचा तीन महिन्यांचा, म्हणजे तीन महिन्यांनी ताब्यात घ्यायच्या मालाचा, भाव असतो. तुमच्या करारात आहे "कॅश सेटलमेंट", म्हणजे लगेच ताब्यात घ्यायच्या मालाचा भाव. लंडनच्या धातू बाजारात अजूनही दलाल लाल बैठकांच्या वर्तुळात बसून, ओरडून सौदे करतात. दुपारच्या सत्रात तांब्याचा जो शेवटचा विक्रीचा भाव निघतो तो त्या दिवसाचा अधिकृत सेटलमेंट भाव. तो निघतो तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, लंडनच्या हिवाळ्यात सहा. दिवसाला असा एकच आकडा, आणि महिन्याच्या अशा वीस-बावीस आकड्यांची सरासरी म्हणजे तुमचं "एलएमई". त्यानंतर रात्री फोनवर जे वरखाली दिसतं त्यातलं काहीही तुमच्या हिशेबात येत नाही.

कॅश आणि तीन महिने हे दोन रकाने शेजारीशेजारी असतात, आणि घोळ इथेच होतो. कधी तीन महिन्यांचा भाव कॅशच्या वर असतो, कधी खाली. समजा तो ६० डॉलर वर आहे आणि कोणी चुकून, किंवा न चुकून, तोच रकाना उचलला, तर तुम्हाला किलोला ५.४४ रुपये जास्त पडतात. कागदावरून ते कळत नाही, कारण तिथे नुसतं "एलएमई सरासरी" लिहिलेलं असतं. म्हणून सप्लायरकडे सरासरी मागू नका, रोजच्या भावांची यादी मागा: तारीख, कॅश सेटलमेंट, रुपया-डॉलर दर. एलएमईच्या साइटवर आदल्या दिवसाचे भाव बघता येतात. यादीतल्या कुठल्याही दोन-तीन तारखा निवडून ताडून बघा. सगळ्या ताडायची गरज नाही, रकाना चुकला असेल तर तिन्हीत चुकलेला दिसेल.

रुपयाचंही तसंच. तुमच्या करारात एफबीआयएल या संस्थेचा संदर्भ दर आहे. पूर्वी हा दर रिझर्व्ह बँक काढायची, २०१८ पासून एफबीआयएल काढते. तो रोज दुपारी जाहीर होतो आणि दोन्ही बाजूंना फुकट बघता येतो. काही सप्लायर त्याऐवजी बँकेचा विक्री दर लावतात, जो त्याहून वर असतो. करारात लिहिलं असेल तर तेही चालेल, पण लिहिलेलं एक आणि लावलेलं दुसरं असं नको.

एक्सेल येत असेल तर पहिल्या ओळीत शीर्षकं द्या, खाली बी रकान्यात तांबं आणि सी रकान्यात डॉलर भरा, आणि बाजूला डी१ मध्ये प्रीमियम, डी२ मध्ये 5.5%, डी३ मध्ये घडणावळ ठेवा. मग बी आणि सी रकाने सोडून कुठल्याही रिकाम्या घरात हे लिहा:

```
=ROUND((AVERAGE(B2:B24)+D1)*AVERAGE(C2:C24)*(1+D2)/1000+D3,2)
```

यात एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडलोय. लंडनच्या सुट्ट्या आणि आपल्या सुट्ट्या वेगळ्या. १५ ऑगस्टला आपल्याकडे डॉलरचा दर निघत नाही, पण तो दिवस कामाचा असेल तर लंडनचा बाजार चालू असतो. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी उलट, लंडन बंद. त्या घरात शून्य टाकू नका, ते रिकामं ठेवा. रिकामं घर एक्सेल सरासरीत धरत नाही, शून्य मात्र धरतं. एकवीस दिवसांची ९,६०० ची सरासरी एका शून्याने ९,१६४ वर येते, म्हणजे किलोला चाळीस रुपयांचा फरक. परचेसला असताना मी अशा शून्याच्या जोरावर एका सप्लायरशी फोनवर तावातावाने भांडलो होतो. त्याने शांतपणे विचारलं, "साहेब, पंचवीस तारखेला तांबं फुकट होतं काय?"

सरासरी तपासून झाली की दुसरा प्रश्न उरतो, आणि पैशांच्या दृष्टीने तो मोठा: माल कुठल्या महिन्याचा धरायचा? ऑर्डरची तारीख, बिलाची तारीख, की तुमच्या गेटवर गाडी आली ती तारीख? तुमच्या करारात बिलाची तारीख आहे. सिल्वासाहून निघालेली गाडी पावसात घाट उतरून तुमच्याकडे पोचायला दोन दिवस लागले तरी बिघडत नाही. पण बिल ३१ ऑगस्टचं की १ सप्टेंबरचं, यावर तुमच्या तीन टनांत ८४,५१० रुपये इकडचे तिकडे होतात.

आणि लक्षात घ्या, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुढचा दर दोघांनाही माहीत असतो. सरासरीतले वीसेक दिवस होऊन गेलेले असतात, उरलेल्या दोन-तीन दिवसांनी ती फारशी हलत नाही. म्हणून दर चढणार असेल तेव्हा सप्लायरला नेमकी गाडी मिळत नाही, मशीनचा बेअरिंग जातो, ड्रायव्हर गावाला जातो. दर उतरणार असेल तेव्हा आपल्याला अचानक गोदामात जागा नसते. मी दोन्ही बाजूंची नाटकं पाहिलीत, एक-दोन स्वतः केलीत. यावर इलाज करारातच हवा: जो माल महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत द्यायचा ठरला होता आणि सप्लायरच्या कारणाने लांबला, त्याला ठरल्या महिन्याचाच दर. तुम्ही उचलायला उशीर केलात तर तोच नियम तुम्हालाही. हे एक वाक्य तुमच्या करारात नाही. नूतनीकरणाच्या वेळी घाला.

आता वेर्ण्याच्या सहीबद्दल. त्यांच्या मसुद्यात लिहिलंय, तिमाहीचा दर आदल्या तिमाहीच्या सरासरीवर. ऐकायला स्वच्छ वाटतं. पण तुम्ही विकत घेता आदल्या महिन्याच्या भावाने आणि विकणार आदल्या तिमाहीच्या भावाने. मधली दरी कोणाच्या खिशातून भरायची?

समजा हा करार जुलैपासूनच असता. जुलै ते सप्टेंबरसाठी त्यांनी एप्रिल ते जूनची सरासरी धरली असती. ती ९,३०० डॉलर आणि ८५ रुपये धरू. त्याच पद्धतीने धातूचा भाव किलोला ८४२.९५ येतो. सप्टेंबरमध्ये तुम्ही धातू घेताय ८८०.०८ ला. किलोमागे ३७.१३ रुपये तुमचे गेले, तीन टनांवर एका महिन्यात १,११,३९०. कापायची-वाकवायची तुमची मजुरी किलोला पन्नास-साठ रुपये असली तर तिच्यातलं निम्म्याहून जास्त तांब्याने खाल्लं. तुमच्या कामात काही चूक नसताना.

कंपनीचा परचेसवाला सांगेल, "भाव उतरतो तेव्हा तुम्हालाच फायदा होतो की, शेवटी जमतं सगळं." दर महिन्याला ठरावीक तीनच टन जात असेल तर हे बरंच खरं आहे. पण माल तसा जात नाही. भाव चढत असतो तेव्हा तुमचा जुना तिमाही दर बाजारापेक्षा स्वस्त असतो, आणि कंपनी पाच टनांची ऑर्डर देते. भाव उतरत असतो तेव्हा तुमचा दर महाग दिसतो, आणि ती म्हणते, साइटचं काम लांबलंय, पुढच्या तिमाहीत बघू. तोट्याच्या वेळी जास्त माल, फायद्याच्या वेळी कमी. यात कोणी लबाडी करतंय असंही नाही, परचेसला बसलेला कुठलाही शहाणा माणूस हेच करेल. मी केलं असतं.

म्हणून नुसत्या तिमाही मसुद्यावर सही करू नका. त्यांना सांगा, फॉर्म्युला मान्य आहे, पण माझ्या खरेदीचाच: एम वजा एक, कॅश सेटलमेंट, एफबीआयएल, बिलाची तारीख. म्हणजे धातू तुमच्या हातातून नुसता पुढे जातो, त्यात तुम्हाला मिळत नाही आणि जातही नाही, आणि तुमची मजुरी वेगळी उभी राहते. त्यांच्या अकाउंट्सला दर महिन्याला किंमत बदलायचा कंटाळा असेल, आणि तो बऱ्याचदा हाच एक खरा अडथळा असतो, तर तिमाही दर ठेवा, पण महिन्याचं प्रमाण बांधून घ्या: तीन टन, दहा टक्के इकडेतिकडे. त्यापलीकडचा माल त्या महिन्याच्या दराने. किंवा तिमाही संपल्यावर प्रत्यक्ष फरकाची डेबिट-क्रेडिट नोट. यातलं पहिलं मिळालं तर उत्तम, दुसऱ्यावरही जगता येतं.

कापताना पडणाऱ्या मोडीचं काय, हेही त्याच कागदात ठरवा. तुम्ही घेता त्या वजनाला पैसे देता आणि ते मोजणार तयार बसबारचं वजन. मोड तुम्ही कुठल्या भावाने विकता आणि तो भाव लंडनबरोबर हलतो का, हे बघून मजुरीत तेवढी घट धरा.

एक कलम मात्र दोन्ही करारांत हवं: भावच जाहीर झाला नाही तर काय? हसू नका. मार्च २०२२ मध्ये लंडनला निकेल एका झटक्यात टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं, बाजाराने ८ तारखेचे सौदे रद्द केले आणि व्यवहार आठवडाभर बंद ठेवले. निकेलवर फॉर्म्युला बांधलेल्या स्टेनलेसवाल्यांना त्या महिन्याची सरासरी कुठल्या दिवसांची काढायची हा प्रश्न पडला. "ज्या दिवशी भाव नाही तो दिवस सोडून द्यायचा, सलग पाच दिवस नसेल तर दोघांनी बसून ठरवायचं" एवढं पुरे.

राहिला या महिन्याचा प्रश्न. तुम्ही लिहिलंत त्या दिवशी कॅश सेटलमेंट ९,२५० च्या आसपास होतं. सप्टेंबरभर ते तिथेच राहिलं आणि डॉलर ८६ वरच राहिला, तर ऑक्टोबरचा दर ८८६.३३ येतो, आजच्यापेक्षा जवळजवळ ३२ रुपये कमी. चवथीचे दिवस, तुमचे कारागीरही सुट्टीवर असतील. वेर्ण्याच्या ऑर्डरला लागेल तेवढंच सप्टेंबरच्या दराने उचला. वीस तारखेला तोवरची सरासरी काढून बघा, आणि आकडा खरोखर खाली येताना दिसला तर उरलेल्या मालाचं बिल एक ऑक्टोबरचं मागा. सप्लायर कुरकुरेल. ऑगस्टअखेर त्याच्याकडे गाडी नव्हती का, ते त्याला तेव्हा विचारा.